सूरह अल्-अस्र : तीन आयती, चौदा शब्द

अस्सलामु अलैकुम. असरची नमाज आत्ताच झाली, मगरिबला अजून तासभर आहे. आजची सूरह छोटी असली, तरी हा तास तिला पुरेल की नाही कोण जाणे. गेल्या बैठकीत आपण सूरह अत्-तकासुर वाचली होती : अधिकाधिक मिळवण्याच्या चढाओढीत माणसं थेट कबरीपर्यंत पोचतात. पुढची सूरह आहे अल्-हुमजह, पैसा साठवून तो पुन्हा पुन्हा मोजत बसणाऱ्याबद्दल. या दोन्हींच्या मधोमध, १०३ व्या क्रमांकावर, अल्-अस्र आहे. एका बाजूला मिळवण्याची हाव, दुसऱ्या बाजूला मोजण्याचा नाद आणि मध्ये हा हिशेब. बहुतेक भाष्यकार तिला मक्की, म्हणजे मक्केत अवतरलेली, मानतात, काहींनी मदनी, म्हणजे मदिनेतलीही म्हटलं आहे. तिचा सूर मला तरी मक्केचाच वाटतो.

आधी मूळ पाठ ऐकू या.

बिस्मिल्लाहिर्-रहमानिर्-रहीम.
वल्-अस्र.
इन्नल्-इन्साना लफी खुस्र.
इल्लल्लजीना आमनू व अमिलुस्-सालिहाति व तवासौ बिल्-हक्कि व तवासौ बिस्-सब्र.

अर्थ असा : काळाची शपथ! माणूस निश्चितच तोट्यात आहे. मात्र ज्यांनी श्रद्धा ठेवली, सत्कर्मं केली, एकमेकांना सत्याची आठवण दिली आणि एकमेकांना धीराची आठवण दिली, ते सोडून.

मूळ अरबीत हे सगळं चौदा शब्दांत आहे. इमाम शाफिई म्हणत, लोकांनी नुसत्या या एका सूरहचा नीट विचार केला तरी ती त्यांना पुरेशी आहे. शाफिई म्हणजे फिकहचा, इस्लामी कायदाशास्त्राचा, एक अख्खा संप्रदाय ज्यांच्या नावाने चालतो, ते. शब्द तोलून वापरणारा माणूस. म्हणून हे वाक्य मी भक्तीच्या भरातलं समजून सोडून देत नाही.

वल्-अस्र

'व' इथे शपथेचा आहे. अल्लाह ज्याची शपथ घेतो ते पुढच्या विधानाचा साक्षीदार म्हणून उभं राहतं. मग 'अस्र' म्हणजे काय? प्रेषितांचे साथीदार इब्ने अब्बास यांच्याकडून आलेला अर्थ आहे काळ, सगळाच काळ. काहींनी दिवसाचा उतरता प्रहर घेतला, म्हणजे आत्ता आपण ज्या वेळी बसलो आहोत तीच. काहींनी थेट असरची नमाज घेतली आणि काहींनी प्रेषितांचा, सल्लल्लाहु अलैहि व सल्लम, जमाना. मला यातला एक निवडून बाकीचे फेकून द्यावेसे वाटत नाहीत. काळ हा मुख्य अर्थ धरला, तरी उतरत्या उन्हाची छटा त्यात राहतेच. बाजार आवरायची वेळ झालेली असते, सावल्या लांबलेल्या असतात आणि आज काय हाती लागलं हे त्या वेळी कळतं.

या शब्दाच्या मुळात पिळणं आहे. सूरह यूसुफमध्ये तुरुंगातला एक कैदी स्वप्न सांगतो, मी द्राक्षांचा रस पिळतो आहे, तिथे हाच धातू आहे. पाऊस गाळणाऱ्या ढगांना कुरआनने 'मुअसिरात' म्हटलं, तेही याच धातूचं. काळ माणसाला पिळतो, असं कुणी म्हटलं तर भाषेच्या दृष्टीने ते वावगं नाही. पण हा माझा रेंगाळलेला विचार आहे. त्याला तफसीर, म्हणजे कुरआनावरचं शास्त्रोक्त भाष्य, समजू नका.

आणखी एक गोष्ट. अरबांना काळाला शिव्या घालायची सवय होती. माणूस मेला, काळाने नेला. घर बुडालं, काळ फिरला. सूरह अल्-जासियात त्यांचं म्हणणंच नोंदवलंय : आम्हाला मारतो तो फक्त काळ. इथे त्याच काळाला साक्षीला उभं केलंय. ज्याच्यावर आरोप ठेवत होता तोच आता तुमच्याविरुद्ध जबानी देतो आहे.

इन्नल्-इन्साना लफी खुस्र

या आयतीत जोर तीन ठिकाणांहून येतो. आधी शपथ, मग 'इन्ना' म्हणजे निश्चितच, वर 'लफी'तला 'ल', तोही ठासून सांगणारा. आणि 'फी' म्हणजे आत. माणसाला तोटा होईल, असं म्हटलेलं नाही. तो तोट्याच्या आतच आहे, पाण्यात उभा असल्यासारखा.

'खुस्र' हा व्यापाऱ्यांचा शब्द आहे, आणि ऐकणारे कोण होते? मक्केची व्यापारी जमात कुरैश. हिवाळ्यात एक तांडा, उन्हाळ्यात एक, हे त्यांचं जगणं कुरआननेच सांगितलंय. त्यांना स्वर्ग-नरक समजावण्याआधी वहीची भाषा समजत होती. व्यापारात नफा झाला नाही तर निदान मुद्दल राहतं. इथे मुद्दलच आयुष्य आहे आणि ते ठेवून देता येत नाही. काही केलं नाही तरी खर्च होतंच.

इमाम राझींनी आपल्या तफसीरमध्ये एका जुन्या बुजुर्गांचं म्हणणं दिलंय. ते म्हणाले, या सूरहचा अर्थ मला एका बर्फवाल्याकडून कळला. तो बाजारात ओरडत होता, ज्याचं भांडवल वितळतंय त्याच्यावर दया करा! बर्फवाल्याने काही चूक केलेली नाही, चोरी नाही की उधळपट्टी नाही. तो नुसता उभा आहे, आणि नुसतं उभं राहणं हाच त्याचा तोटा. आपण मात्र तोटा म्हटलं की काहीतरी वाईट करणं समजतो. 'मी कुणाचं वाईट केलेलं नाही' हे वाक्य तुम्ही कितीदा ऐकलंय? बर्फवालाही तेच म्हणेल.

बुखारींच्या संग्रहात हदीस, म्हणजे प्रेषितांचं वचन, आहे : दोन देणग्या अशा आहेत ज्यांत बहुतेक लोक घाट्यात जातात, आरोग्य आणि रिकामा वेळ. तिथला शब्दही सौद्यातलाच आहे, फसून तोटा करून घेतलेला माणूस अशा अर्थाचा.

'अल्-इन्सान' म्हणजे कोणता माणूस? काहींनी मक्केतल्या एखाद्या विरोधकाचं नाव घेतलं. पण पुढच्या आयतीत अपवाद येतो, आणि एका माणसातून लोकांचा गट वगळता येत नाही. म्हणजे इथे मनुष्यजात आहे. त्यात मी आलो, तुम्ही आलात, हा दर्स देणारा आणि ऐकणारा दोघे आले.

इल्लल्लजीना आमनू...

शब्दाचं रूप नीट पाहा. 'इन्सान' एकवचनी आहे, 'अल्लजीना' अनेकवचनी. तोट्यात असलेला माणूस एकटा आहे, तोट्यातून सुटलेले मात्र 'ते लोक' आहेत. हा फरक मला कित्येक वर्षं दिसला नव्हता. दिसल्यावर मात्र पुढचे चारही शब्द निराळे वाटू लागले.

यातले शब्द मराठीला परके नाहीत. आमनू म्हणजे ईमान, आपण बेइमान म्हणतो ते त्याच्याच उलट. अमिलूमधला अमल आपल्या अंमलबजावणीत आहे. हक आपल्याकडे हक्क झाला आणि सब्र सबुरीत राहिला. तवासौच्या मुळात वसियत आहे. अर्थ थोडे सरकलेत, पण ओळख पटते.

ईमान पहिलं, कारण हिशेब कुणाला द्यायचा हेच ठरलं नसेल तर वही कशाला लिहायची? सत्कर्म दुसरं. 'सालिह' म्हणजे नीट बसणारं, बिघडलेलं सावरणारं. त्याच्या उलट फसाद. एक हदीस इथे फार चपखल बसते : कयामत येऊन ठेपली आणि तुमच्या हातात रोपटं असेल, तर जमल्यास ते लावून टाका. त्या झाडाला फळ धरणार नाही हे उघड आहे, तरीही लावायचं. वेळ संपत आलाय म्हणून काम सोडायचं नाही.

श्रद्धा आणि सत्कर्म ही जोडी कुरआनात जागोजागी येते. सूरह अत्-तीनमध्येही माणसाच्या अधोगतीनंतर अपवाद येतो, पण तिथे या दोनच गोष्टी आहेत. इथे आणखी दोन आहेत, आणि खरी मेख तिथेच आहे.

'तवासौ' हे अरबी क्रियापदाचं परस्परतेचं रूप आहे. उपदेश देणारा एक आणि घेणारे बाकीचे, असं त्यात नाही. तू मला सांग, मी तुला सांगतो. आणि वसियत केव्हा करतात? मरणाच्या दारात, जे सर्वांत महत्त्वाचं ते जवळच्यांना सांगून जाताना. तितक्याच कळकळीने, तितकंच थोडक्यात सांगणं म्हणजे तवासी. आपण मात्र सत्य सांगतो ते दुसऱ्याला गप्प करायला. घरात, कामाच्या ठिकाणी स्वतःला विचारून पाहा : शेवटचं आपल्याला कुणी चुकतोयस म्हणालं, तेव्हा आपण काय केलं? ऐकून घेण्याची तयारी नसलेल्याचं सांगणं अर्धंच तवासी आहे.

मग सब्र. 'तवासौ' एकदाच म्हणून हक आणि सब्र दोन्ही जोडता आले असते. क्रियापद पुन्हा आलंय, म्हणजे धीर देणं हे सत्याचं शेपूट नाही, स्वतंत्र काम आहे. लुकमान आपल्या मुलाला सांगतात : नमाज कायम कर, भल्याचा आग्रह धर, वाईटापासून रोख आणि जे काही तुझ्यावर येईल ते सहन कर. सत्य बोललं की काहीतरी अंगावर येणार, हे त्यांनी गृहीतच धरलंय.

सब्र म्हणजे हात जोडून बसणं नव्हे. मूळ अर्थ आहे आवरून धरणं. उलमा, म्हणजे धर्मपंडित, त्याचे तीन प्रकार सांगतात : आज्ञेवर टिकून राहणं, पापापासून स्वतःला रोखणं आणि संकटात न खचणं. तिसराच आपल्याला माहीत असतो. पहिला सर्वांत अवघड, कारण त्यात बघणारं कुणी नसतं.

मक्केत यासिर, त्यांची पत्नी सुमय्या आणि मुलगा अम्मार यांना उन्हात छळलं जात होतं. सीरतच्या, म्हणजे प्रेषितांच्या चरित्राच्या, ग्रंथांत येतं, प्रेषित जवळून जात, त्यांना सोडवण्याची ताकद तेव्हा हातात नव्हती. ते म्हणत, धीर धरा, यासिरच्या घरच्यांनो, तुमच्याशी ठरलेलं ठिकाण जन्नत आहे. सुमय्या त्या छळातच शहीद झाल्या. 'तवासौ बिस्-सब्र' वाचताना माझ्या डोळ्यांसमोर हेच येतं. सोडवता येत नाही, पण एकटं टाकायचं नाही.

वेळ होत आली. एक रिवायत, म्हणजे परंपरेने सांगत आलेली गोष्ट, सांगतो आणि थांबतो. प्रेषितांच्या साथीदारांपैकी दोघे भेटले की एकाने दुसऱ्याला ही सूरह ऐकवल्याशिवाय ते वेगळे होत नसत, मग सलाम करून निघत. शेजारच्याकडे तोंड करा. एकाने म्हणायची, दुसऱ्याने ऐकायची. वल्-अस्र...