अँटिबायोटिक सिरप घेऊन घरी जाणाऱ्या मुलीच्या पालकांसाठी सूचना

बालरोग विभाग, सोमवार
वय: अडीच वर्षे. वजन: १२ किलो. निदान: न्यूमोनिया.
औषध: अमॉक्सिसिलिन सिरप, ५ मि.लि.मध्ये २५० मि.ग्रॅ.
मात्रा: एका वेळी १० मि.लि., दिवसातून दोनदा, ५ दिवस.

तुमच्या मुलीचा ताप उतरून चोवीस तास झाले आहेत, तिला आता ऑक्सिजनची गरज नाही आणि ती तोंडाने नीट खातपीत आहे, म्हणून उरलेले उपचार घरी करता येतील. मात्र फुफ्फुसातील संसर्ग अजून पूर्ण गेलेला नाही. उरलेल्या जिवाणूंना आवरण्याचे काम आता हे सिरप करणार आहे आणि त्यासाठी ते ठरलेल्या वेळी, मोजून आणि पाचही दिवस तिच्या पोटात जायला हवे.

औषध कधी द्यायचे

पहिला डोस आज सकाळी ८ वाजता वॉर्डमध्ये दिला आहे. घरी द्यायचा पहिला डोस आज रात्री ८ वाजताचा. दोन डोसांमध्ये सुमारे बारा तासांचे अंतर ठेवावे, म्हणजे रक्तातील औषधाचे प्रमाण फार खाली जात नाही. अर्धा-पाऊण तास मागेपुढे झाल्यास काळजी करू नये. हे औषध जेवणाआधी किंवा जेवणानंतर, कसेही चालते. रिकाम्या पोटी दिल्यावर तिला मळमळत असेल, तर काही खायला देऊन मग द्यावे.

| दिवस | सकाळी ८ | रात्री ८ | कोणती बाटली |
|---|---|---|---|
| सोमवार | १० मि.लि. ✓ (वॉर्डमध्ये दिला) | १० मि.लि. ☐ | पहिली |
| मंगळवार | १० मि.लि. ☐ | १० मि.लि. ☐ | पहिली |
| बुधवार | १० मि.लि. ☐ | १० मि.लि. ☐ | पहिली, रात्री संपेल |
| गुरुवार | १० मि.लि. ☐ | १० मि.लि. ☐ | दुसरी, सकाळी तयार करावी |
| शुक्रवार | १० मि.लि. ☐ | १० मि.लि. ☐ (शेवटचा) | दुसरी |

हा तक्ता घरात सर्वांना दिसेल अशा जागी लावावा आणि डोस दिल्याबरोबर चौकटीत खूण करावी. सकाळी आई आणि रात्री आजी औषध देत असेल, तर ही खूण फार उपयोगी पडते. एकच डोस दोघींकडून दिला जाणे किंवा दोघींकडून राहून जाणे त्यामुळे टळते.

मोजायचे कसे

सोबत दिलेल्या १० मि.लि.च्या, सुई नसलेल्या सिरिंजनेच औषध मोजावे. घरातले चमचे लहान-मोठे असतात, त्यामुळे त्यांनी मोजू नये. औषध तळाशी बसते, म्हणून प्रत्येक वेळी बाटली चांगली हलवावी, नाहीतर सुरुवातीचे डोस पातळ आणि शेवटचे जास्त तीव्र होतात. सिरिंजमध्ये हवेचा मोठा बुडबुडा दिसला, तर औषध परत बाटलीत सोडून पुन्हा भरावे. मुलीला मांडीवर ताठ बसवून सिरिंजचे टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवावे आणि थोडे थोडे सोडत तिला गिळू द्यावे. तिचे नाक दाबू नये आणि ती आडवी असताना किंवा रडताना औषध ओतू नये, कारण त्याने ठसका लागतो. चव आवडत नसेल, तर दोन घोट दुधात मिसळून देता येते. पेलाभर दुधात मात्र मिसळू नये, कारण तिने अर्धा पेला टाकला तर औषध किती गेले हे कळत नाही.

दुसरी बाटली

पहिली बाटली नर्सने तयार करून दिली आहे. दुसरीत कोरडी पावडर आहे आणि ती गुरुवारी सकाळी तुम्हाला तयार करायची आहे. चूक होण्याची शक्यता इथेच सर्वांत जास्त असते, म्हणून ही कृती घाई न करता करावी. बाटली उलटसुलट हलवून पावडर मोकळी करावी. उकळून पूर्ण थंड केलेले पाणी बाटलीवरील खुणेच्या अर्ध्यापर्यंत घालून झाकण लावावे आणि जोरात हलवावे. फेस खाली बसू द्यावा, मग खुणेपर्यंत पाणी भरून पुन्हा हलवावे. फेस असतानाच खूण पाहिल्यास पाणी कमी पडते आणि औषध जास्त तीव्र होते. गरम पाणी वापरू नये.

तयार केल्याची तारीख लेबलवर लिहावी. तयार औषध फ्रीजमध्ये ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात नको. फ्रीज नसल्यास थंड, सावलीच्या जागी, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. शुक्रवारी रात्रीनंतर दुसऱ्या बाटलीत सुमारे २० मि.लि. औषध उरेल. ते जपून ठेवू नये, भावंडांना देऊ नये. औषधांच्या दुकानात परत करावे.

डोस चुकला किंवा उलटी झाली तर

सकाळचा डोस दुपारी २ पर्यंत आठवला तर लगेच द्यावा आणि रात्रीचा नेहमीच्या वेळी द्यावा. त्यानंतर आठवला तर तो सोडून द्यावा, तक्त्यात तशी नोंद करावी आणि आम्हाला कळवावे. दोन डोस एकत्र कधीही देऊ नयेत. डोस दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पूर्ण डोस एकदा पुन्हा द्यावा; अर्ध्या तासानंतर झाली तर पुन्हा देण्याची गरज नाही. पुन्हा दिलेला डोसही उलटून पडला, तर आणखी न देता वॉर्डला फोन करावा.

बहुतेक मुले तिसऱ्या दिवसापर्यंत खेळू लागतात आणि आता औषध कशाला, असे घरात कोणीतरी म्हणते. तेव्हाही ते बंद करू नये. खोकला औषध संपल्यावरही दोन-तीन आठवडे थोडाफार राहू शकतो. तेवढ्यासाठी औषध वाढवू नये.

या औषधाने शी पातळ होऊ शकते. तशी झाल्यास औषध चालू ठेवून प्रत्येक पातळ शौचानंतर १०० ते २०० मि.लि. ओआरएस घोट घोट पाजावे. रक्त दिसले किंवा ती मलूल वाटली, तर तिला दाखवायला आणावे. अंगावर पुरळ उठल्यास पुढचा डोस देण्याआधी फोन करावा.

लगेच रुग्णालयात आणावे अशी लक्षणे

ओठ, डोळे किंवा चेहरा सुजणे, अंगावर गांधी उठून श्वास घेण्यास त्रास होणे, शांत असताना एका मिनिटात ४० किंवा अधिक श्वास होणे किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, ओठ निळसर होणे, काहीही न पिणे किंवा सर्व उलटून टाकणे, झटके येणे, उठवूनही नीट जागी न होणे. यांपैकी एकही दिसले तर फोनवर वाट न पाहता, रात्र असली तरी, निघावे. श्वास मोजताना ती शांत किंवा झोपलेली असावी आणि पूर्ण एक मिनिट मोजावे.

ताप परत ३८ अंश सेल्सियसवर गेला, तर पॅरासिटामॉल सिरप (५ मि.लि.मध्ये १२० मि.ग्रॅ. असलेलेच) ७.५ मि.लि. द्यावे आणि त्याच दिवशी कळवावे. दोन पॅरासिटामॉल डोसांमध्ये किमान सहा तासांचे अंतर हवे. या सिरपची सिरिंज वेगळी ठेवावी.

तपासणी बुधवारी सकाळी १० वाजता बालरोग बाह्यरुग्ण विभागात आहे. येताना हा तक्ता, औषधाची बाटली आणि डिस्चार्ज कार्ड आणावे. वॉर्डचा फोन क्रमांक कार्डाच्या मागे छापला आहे.