बेकरीत हेल्पर पाहिजे: कराड, शनिवार पेठ (एक जागा)

नमस्कार. आमच्या पावाच्या बेकरीत १ सप्टेंबरपासून एक हेल्पर हवा आहे. अनुभव नसला तरी चालेल. बाई असो वा पुरुष, वय १८ पूर्ण पाहिजे.

पगार महिना १४,००० रुपये, तीन महिन्यांनी १५,५००. वेळ पहाटे साडेचार ते दुपारी साडेबारा, मध्ये अर्धा तास सुट्टी. सोमवारी बेकरी बंद.

पुढचं सगळं वाचूनच या, ही विनंती. मागच्या वेळी आम्ही नुसतं 'बेकरीत माणूस पाहिजे' एवढंच लिहिलं होतं. आठवडाभरात तिघे आले आणि तिघेही सोडून गेले. कुणाला पहाटेची वेळ माहीत नव्हती, कुणाला वाटलं काउंटरवर उभं राहायचं काम आहे. चूक आमची होती, त्यांचा तर रोजगार बुडाला. म्हणून या वेळी कामात काय काय आहे ते सरळ लिहिते.

पहाटे आल्यावर मैदा चाळायचा आणि पाणी, मीठ, साखर, यीस्ट वजनकाट्यावर मोजून मशीनमध्ये घालायचं. मोजमाप अंदाजाने चालत नाही. मीठ जास्त झालं तर पीठ फुगायला वेळ लागतो आणि सहाची पहिली लादी चुकते. मग गोळे पाडायचे, ट्रेला तेल लावून त्यात जवळजवळ मांडायचे, फुगले की भट्टीपर्यंत पोचवायचे. भट्टीत ट्रे घालणं-काढणं आमचे मामा करतात, ते तीस वर्षं हेच काम करत आहेत. तुम्ही पहिले तीन महिने भट्टीच्या तोंडाशी जायचं नाही. नंतर शिकायचं असेल तर मामा हाताला धरून शिकवतात. खारीचे पदर कसे घालायचे, टोस्ट दुसऱ्यांदा कधी भाजायचा, सगळं.

आठनंतर लाद्या मोजून दुकानदारांच्या क्रेटमध्ये भरणं, टोस्ट-बटरची पाकिटं बांधणं, आणि शेवटी ट्रे खरवडून, मशीन व फरशी धुऊन ठेवणं. धुणं-पुसणं रोजचं आहे, त्याला कंटाळणाऱ्यानं येऊ नये.

अवघड काय, तेही सांगते. मैद्याचं पोतं ५० किलोचं असतं. ते एकट्यानं कधीच उचलायचं नाही, दोघांनी धरायचं, पण धरावं लागतं. बहुतेक वेळ उभं राहूनच काम. एप्रिल-मेमध्ये आत फार गरम होतं. मैद्याच्या धुळीनं ज्यांना दम लागतो किंवा शिंका येतात, त्यांनी हे काम घेऊ नये, त्रास वाढतो. आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस घरोघरचे लोक डबे भरून नानकटाई भाजायला आणतात, तेव्हा दुपारी दोन-तीन तास जादा थांबावं लागतं. त्या तासांचे पैसे दुप्पट दराने.

बाईंना पहाटे एकटीनं येणं जमत नसेल तर सात ते तीन अशी वेळ लावून देऊ. आधी बोलून ठरवायचं, एवढंच.

पगार ७ तारखेला बँक खात्यात. चहा-नाश्ता बेकरीचा, रोज घरी न्यायला एक लादी. आम्ही सगळे मिळून सात जण आहोत, पीएफ नाही. खाण्याचे पदार्थ हाताळायचे म्हणून वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करावी लागते, तिचा खर्च आमचा. नखं कापलेली, डोक्याला टोपी, अंगठी-बांगडी काढून ठेवलेली. तंबाखू-मावा बेकरीच्या आत चालणार नाही.

निवडीआधी दोन दिवस काम करून बघायचं, त्या दोन्ही दिवसांचे ५५० रुपये रोज मिळतील, पुढे राहा किंवा न राहा.

भेटायला २० ते २७ ऑगस्ट, दुपारी ४ ते ६ या वेळेत दुकानावर या. सोमवारी येऊ नका. गल्ल्यावर मी स्वतः असते. दुकानाचा फोटो आणि लोकेशन सोबत जोडलं आहे. आधार कार्डाची झेरॉक्स पुरे, मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही. या जागेसाठी कुणालाही एक रुपयाही द्यायचा नाही. आमच्या नावानं कोणी फॉर्म फी किंवा डिपॉझिट मागितलं तर देऊ नका, दुकानात येऊन सांगा.

सैदापूर, मलकापूर, ओगलेवाडीच्या ग्रुपमध्ये पाठवलंत तर बरं होईल, पहाटे तिकडून सायकलवर येता येतं. पाठवताना पूर्ण मजकूर पाठवा. २७ तारखेनंतर पुढे पाठवू नका, उगाच कुणाची खेप फुकट जायला नको.

स्टेटसला लावायचं असेल तर एवढं पुरे:

बेकरीत हेल्पर पाहिजे. शनिवार पेठ, कराड. पहाटे ४.३० ते दुपारी १२.३०, सोमवार सुट्टी. पगार १४,०००. अनुभव नको, वय १८ पूर्ण. २० ते २७ ऑगस्ट, दुपारी ४ ते ६, दुकानावर समक्ष भेटा (सोमवार सोडून). फी नाही.