रिकाम्या पोटी

नाशिकमधील कॉलेज रोडवरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये अश्विनी रक्ताचे नमुने घेण्याचे काम करीत असे. सकाळी साडेसहाला लॅब उघडायची असल्यामुळे इंदिरानगरातील आपल्या खोलीवरून तिला रोज सहाला निघावे लागे, आणि त्या वेळी मिळेल त्या रिक्षाला पैसे मोजता मोजता पगारातील किती रक्कम जाते याचा हिशेब तिने एकदा वहीत मांडला, तेव्हा स्वतःची गाडी घ्यायचीच असे तिने ठरवले. नवी गाडी तिच्या आवाक्यात नव्हती. जुन्या गाडीसाठी मात्र तिच्याजवळ पंचेचाळीस हजार रुपये साठले होते.

घरोघरी जाऊन नमुने गोळा करणारे लॅबमधले शरददादा गेली बारा वर्षे स्कूटरवरच असत. त्यांनी सोबत यावे अशी तिची इच्छा होती. पण ते म्हणाले, ‘‘मी आलो, तर तो माझ्याशीच बोलत बसेल. तू एकटी जा. कागद वाच, टायरवरचे आकडे वाच, आणि इंजिन थंड असतानाच गाडी चालू करून बघ.’’

नोव्हेंबर 2023 मधल्या एका रविवारी सकाळी साडेनऊला ती द्वारका चौकाजवळच्या जुन्या गाड्यांच्या एका दुकानात गेली. दुकानदार चाळिशीचा, हसतमुख आणि बोलण्यात अतिशय मोकळा होता. तिने काही विचारण्यापूर्वीच त्याने एक राखाडी ॲक्टिव्हा पुढे काढली, सीटवरून फडके फिरवले आणि सांगायला सुरुवात केली : मार्च 2019 ची गाडी, एकच मालक, तीही शिक्षिका, घर ते शाळा एवढाच वापर, चौदा हजार किलोमीटर, टायरसुद्धा कंपनीचेच, 2024 पर्यंत फुल इन्शुरन्स, आणि किंमत बावन्न हजार, पण ‘ताई पहिल्यांदाच गाडी घेताहेत’ म्हणून अठ्ठेचाळीस. बोलता बोलता त्याने बटण दाबले. गाडी पहिल्याच फटक्यात चालू झाली आणि तिचा आवाज इतका मऊ होता, की अश्विनीला ती मनोमन आवडून गेली.

‘‘रात्रीपासून हातसुद्धा लावलेला नाही हिला,’’ तो म्हणाला.

त्याने गाडी बंद केली, तेव्हा ती खाली वाकली आणि इंजिनाच्या आवरणाला तिने तळहात टेकवला. तो तिला लगेच मागे घ्यावा लागला. दहा-पंधरा सेकंद चाललेले इंजिन इतके तापत नाही, एवढे कळण्यासाठी यंत्रांची माहिती असण्याची गरज नव्हती.

त्याच क्षणी तिला लॅबमधले रोजचे दृश्य आठवले. ‘सकाळपासून काही खाल्लंय का?’ असे ती प्रत्येकाला विचारी, आणि बिस्किटे खाऊन, चहा पिऊन आलेली माणसेही तितक्याच ठामपणे ‘काहीच नाही’ असे सांगत. ती सगळी लबाड असत असे नव्हे. काहींना चहा हा खाण्यात धरायचा असतो हेच ठाऊक नसे. पण एक खूण तिने पुष्कळदा पाहिली होती. खरोखर उपाशी आलेला माणूस ‘नाही’ एवढेच म्हणे. खाऊन आलेला मात्र रात्री किती वाजता जेवलो, काय जेवलो आणि पथ्य किती काटेकोर पाळतो हेही सांगे.

तिने मोबाइलच्या उजेडात मागच्या टायरची कड पाहिली. लांबट चौकटीत 2322 हे आकडे होते, म्हणजे टायर 2022 च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला होता. 2019 च्या गाडीला तो कंपनीतून येणे शक्यच नव्हते.

‘‘दादा, टायर बदललाय का?’’

‘‘अहो ताई, मागचा एकदा पंक्चरमध्ये गेला म्हणून टाकला असेल मॅडमनी. मी वीस वर्षं या धंद्यात आहे. खोटं बोलून मला काय मिळणार? तुम्ही मला बहिणीसारख्या.’’

पुढच्या टायरवरही 2322 होते. त्याबद्दल तिने काहीच विचारले नाही. हँडलच्या रबरी मुठी गुळगुळीत झालेल्या होत्या, आणि पाय ठेवायच्या मॅटवर टाचेच्या जागी खोलगट भाग पडला होता. हे सगळे चौदा हजार किलोमीटरांत झाले असेल, तर त्या शिक्षिकेने शाळेपर्यंतचा रस्ता फारच जोर लावून कापला असला पाहिजे.

तिने कागदांचे फोटो काढून घेतले आणि ‘चहा पिऊन येते’ असे सांगून ती निघाली. त्याने मागून आवाज दिला, ‘‘पाच हजार टोकन देऊन ठेवा. दुपारी एक गिऱ्हाईक यायचंय.’’ तिने हसून मान डोलावली. पैसे दिले नाहीत.

चहाच्या टपरीवर तिने तासाहून अधिक वेळ ते फोटो मोठे करकरून वाचले. विमा 2024 पर्यंतचा होता ही गोष्ट खरी होती. पण त्या मुदतीपुढे ‘थर्ड पार्टी’ असे लिहिले होते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण एकाच वर्षाचे होते आणि ते मार्च 2020 मध्येच संपले होते. आरसीवर एका फायनान्स कंपनीच्या कर्जाचा बोजा नोंदलेला होता. कर्ज फिटल्याचे त्या कंपनीचे पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 हे दोन्ही कागदांत नव्हते. मालकी बदलण्याच्या 29 आणि 30 क्रमांकांच्या फॉर्मवर मालकाच्या सह्या होत्या, परंतु घेणाऱ्याचे नाव आणि तारीख या दोन्ही जागा कोऱ्या होत्या. शिवाय मालकाचे नाव पुरुषाचे होते. शिक्षिका मुळात कुठून आली, हे त्या दुकानदारालाच ठाऊक.

ती परतली, तेव्हा तो दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलण्यात गुंतला होता आणि राखाडी गाडी जागच्या जागी उभी होती. तिने पुन्हा हात लावून पाहिला. इंजिन बऱ्यापैकी निवले होते. किल्ली गाडीलाच होती. या वेळी बटण चार वेळा दाबावे लागले, आणि गाडी चालू झाली तेव्हा मागून निळसर धूर निघाला, तो बराच वेळ निघतच राहिला.

दुकानदार धावत आला. थंडीत असे होते, पेट्रोलच हल्ली भेसळीचे येते, उद्या ऑइल बदलून देतो, हवे तर दोन हजार कमी करतो, असे तो एका दमात बोलून गेला. एका धुरासाठी त्याच्यापाशी दोन कारणे आणि दोन सवलती होत्या.

‘‘बोजा उतरल्याचं पत्र कधी मिळेल?’’ तिने विचारले.

‘‘मिळेल हो, तुम्ही काळजीच करू नका.’’

‘‘मिळालं की फोन करा,’’ ती म्हणाली आणि किल्ली त्याच्या हातात देऊन बाहेर पडली. तो फोन कधीच आला नाही.

पुढच्या रविवारी शरददादांच्या ओळखीने तिला गंगापूर रोडवरच्या एका निवृत्त गृहस्थांची 2018 ची स्कूटर पाहायला मिळाली. मीटरवर सत्तावीस हजार होते आणि ते अडतीस हजार रुपये मागत होते. बेल्ट कधी बदलला, असे विचारल्यावर ते म्हणाले, ‘‘आठवत नाही. बहुधा बदललेलाच नाही.’’ डाव्या अंगाच्या लांब ओरखड्याकडे त्यांनी स्वतःच बोट दाखवले. गेल्या पावसाळ्यात ते घसरून पडले होते. सर्व कागद एका जुन्या प्लॅस्टिकच्या पिशवीत क्रमाने लावलेले होते आणि आरसीवर कुठलाही बोजा नव्हता.

तरीही ती खाली बसली, दोन्ही टायरांचे आकडे तिने वाचले, आणि चासीचा क्रमांक आरसीशी एकेक अक्षर लावून ताडून पाहू लागली. गृहस्थांच्या कपाळावर आठी उमटली.

‘‘माझ्यावर विश्वास नाही का, बाळ?’’

‘‘आहे ना, काका,’’ ती म्हणाली आणि इंजिनाला तिने तळहात टेकवला. सकाळचे सात वाजले होते, आणि लोखंड गारेगार होते.