«लोणार सरोवर» या लेखाच्या मसुद्याचे परीक्षण

मसुद्याच्या लेखकांस,

सप्रेम नमस्कार. आपण मुक्त ज्ञानकोशासाठी सादर केलेला «लोणार सरोवर» हा मसुदा मी दोनदा वाचला आणि त्यातील तेवीसच्या तेवीस संदर्भ उघडून पाहिले. विषय ज्ञानकोशात असायलाच हवा, याबद्दल दुमत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील हे विवर शास्त्रज्ञांनी शंभराहून अधिक वर्षे अभ्यासले आहे, त्यामुळे उल्लेखनीयतेचा प्रश्नच येत नाही. तरीही मसुदा आहे त्या स्वरूपात मुख्य नामविश्वात हलवता येणार नाही, आणि त्याची कारणे थोडी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

पहिल्याच वाक्यापासून सुरुवात करतो. «निसर्गाचा अद्भुत चमत्कार असलेले, जगातील एकमेव बेसाल्ट खडकातील आणि जगातील तिसरे सर्वांत मोठे उल्कापाती विवर म्हणजे आपले लोणार!» असे आपण लिहिले आहे. उद्गारचिन्ह आणि «आपले» हे शब्द काढावेत, कारण ज्ञानकोशाचा वाचक चंद्रपूरचा असेल तसा चिलीचाही असू शकतो. मात्र या वाक्यातील खरी अडचण शैलीची नसून दोन्ही दावे चुकीचे असण्याची आहे. ब्राझीलमधील वार्जेआव आणि व्हिस्टा अलेग्रे ही विवरेही बेसाल्टमध्येच आहेत. आकाराचे म्हणाल, तर लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, मध्य प्रदेशातील ढाला विवराचा सुमारे ११ किलोमीटर मानला जातो, आणि मेक्सिकोतील चिक्शुलूब सुमारे १८० किलोमीटरचे आहे. म्हणजे लोणार जगात तिसरे तर सोडाच, भारतातही पहिले नाही. हा दावा पर्यटनाच्या फलकांवर, शालेय स्पर्धांच्या प्रश्नपत्रिकांत आणि निम्म्या वृत्तपत्रांत आढळतो हे मला ठाऊक आहे. पण चूक पुष्कळ ठिकाणी छापली गेली म्हणून तिला आधार मिळत नाही.

गंमत अशी की लोणारचे खरे महत्त्व या अतिशयोक्तीखाली झाकले गेले आहे. बेसाल्टमधील इतके सुस्थितीतील विवर दुर्मीळ असते, आणि चंद्राच्या पृष्ठभागाचा बराच भाग बेसाल्टचा असल्यामुळे तेथील विवरांशी तुलना करण्यासाठी संशोधकांना लोणार उपयोगी पडते. मसुद्यात याबद्दल एक ओळही नाही, उलट «नासानेही मान्य केलेले» हे शब्द तीन वेळा आले आहेत. कोणी, कोणत्या शोधनिबंधात, काय मांडले हे सांगावे. संस्थेचे नाव शिक्क्यासारखे वापरू नये.

वयाचा परिच्छेद मसुद्यातला सर्वांत कच्चा भाग आहे. «५२,००० वर्षांपूर्वी येथे उल्का आदळली» हे वाक्य निर्विवाद सत्य असल्यासारखे लिहिले असून त्याला एका प्रवासवर्णनाच्या अनुदिनीचा संदर्भ दिला आहे. हा आकडा १९९० च्या दशकातील औष्णिक प्रकाशदीप्तीच्या मोजणीवरून आलेला आहे, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन समस्थानिकांच्या मोजणीत वय सुमारे ५,७०,००० वर्षे निघाले. दोन्हींत दहापटीहून अधिक अंतर आहे. तटस्थता म्हणजे दोन आकड्यांचा मध्य काढणे नव्हे, किंवा आपल्याला आवडणारा आकडा ठेवून दुसरा तळटीपेत ढकलणेही नव्हे. कोणत्या पद्धतीने कोणते वय निघाले, हे मूळ शोधनिबंधांचा हवाला देऊन शेजारीशेजारी लिहावे.

इतिहासाच्या भागात «१८२३ साली इंग्रज अधिकारी अलेक्झांडर याने सरोवराचा शोध लावला» असे वाक्य आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या «ऐन-इ-अकबरी»त लोणारचा उल्लेख आहे आणि काठावर शतकानुशतके मंदिरे उभी आहेत. तेव्हा अलेक्झांडरने शोध लावला नाही, युरोपीय वाचकांसाठी नोंद केली. पुढे बराच काळ हे ज्वालामुखीचे मुख मानले जात होते. १८९६ मध्ये अमेरिकी भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातील विवराशी त्याचे साम्य दाखवले आणि १९७३ मध्ये आघाताचे भूवैज्ञानिक पुरावे प्रसिद्ध झाले. मत कसे बदलत गेले, याची ही कथा आपल्या मसुद्यात एका ओळीत संपते. ती किमान दोन परिच्छेदांची व्हावी, असे मी आग्रहाने सुचवतो.

लवणासुराची कथा ठेवण्यास हरकत नाही, किंबहुना ती असावीच. फक्त «विष्णूने येथे लवणासुराचा वध केला» याऐवजी «अशी आख्यायिका आहे» अशी रचना करून ती कोणत्या ग्रंथातून घेतली ते नमूद करावे. दैत्यसूदन मंदिराला «विदर्भाचे खजुराहो» म्हणणे मात्र टाळावे. «हेमाडपंती» हा शब्दही जपून वापरावा. चुन्याविना रचलेल्या कोणत्याही जुन्या दगडी मंदिराला तो चिकटवण्याची आपल्याकडे सवय आहे.

आता २०२० ची घटना. «सरोवर रहस्यमयरीत्या गुलाबी झाले आणि शास्त्रज्ञही चक्रावले» असे आपण लिहिता. त्या जूनमध्ये पाण्याचा रंग बदलला हे खरे, पण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हॅलोआर्किया या लवणप्रिय सूक्ष्मजीवांमुळे रंग आल्याचा निष्कर्ष काढला. उत्तर उपलब्ध असताना प्रश्नावर थांबणे ही बातमीची रीत झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. त्याचा उल्लेख आपण «युनेस्कोचा जागतिक वारसा» असा केला आहे. या दोन वेगळ्या याद्या असून दुरुस्ती तातडीची आहे.

संदर्भांबाबत स्पष्टच लिहितो. तेवीसपैकी नऊ संदर्भ सरोवराजवळच्या एकाच निवासस्थानाच्या संकेतस्थळाचे आहेत. चार वृत्तपत्रीय बातम्या एकाच प्रसिद्धिपत्रकावरून शब्दशः उतरलेल्या असल्याने त्यांना चार स्वतंत्र स्रोत मानता येत नाही. पाचव्या बातमीतील एक संपूर्ण परिच्छेद आपल्याच ज्ञानकोशाच्या दोन वर्षांपूर्वीच्या आवृत्तीतून घेतलेला आहे. तिचा हवाला देणे म्हणजे स्वतःच स्वतःची साक्ष काढणे. उरलेल्यांपैकी जिल्हा गॅझेटियर आणि दोन शोधनिबंध उत्तम आहेत, ते ठेवावेत.

«मुक्काम व भोजन» हा विभाग पूर्ण वगळावा. «घरगुती चवीचे वऱ्हाडी जेवण», खोल्यांचे दर आणि आरक्षणाचा दूरध्वनी क्रमांक यांना येथे जागा नाही. «सरोवराच्या पाण्याने त्वचारोग बरे होतात» हे विधान वैद्यकीय संशोधनाच्या आधाराविना एक दिवसही राहू देता येणार नाही, म्हणून ते मी आजच काढले आहे. आपण त्या निवासस्थानाशी संबंधित असाल, तर तसे सदस्यपानावर जाहीर करावे. संबंध असणे हा दोष नाही, तो लपवल्यास मात्र बाकीच्या चांगल्या मजकुराकडेही संशयाने पाहिले जाते.

प्रस्तावनेसाठी पुढील मजकूर सुचवतो: «लोणार सरोवर हे महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्यात, दख्खनच्या बेसाल्ट खडकात उल्कापाताने तयार झालेल्या विवरातील खारे व अल्कधर्मी सरोवर आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून त्याच्या वयाबद्दल संशोधकांत मतभेद आहेत. २०२० मध्ये या सरोवराचा रामसर यादीत समावेश झाला.»

मसुदा सुधारणेसाठी परत पाठवत आहे. वयाचा आणि इतिहासाचा भाग आधी हाती घ्यावा. शोधनिबंध मिळवण्यात अडचण आल्यास मसुद्याच्या चर्चापानावर लिहावे, माझ्याकडे असलेल्या प्रतींतून पृष्ठक्रमांक पडताळून देईन.