तिसऱ्या बाकावरचा ओंकार

आठवीच्या ग्रुपवर सकाळपासून केकच्या चित्रांचा पाऊस पडत होता. ओंकारने मात्र आईच्या फोनवरून रोहनला वेगळा मेसेज लिहायला घेतला. 'हॅपी बर्थडे' लिहिलं, खोडलं. एवढ्याने रोहनला कसं कळणार, की मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारी बसून डबा खावासा वाटतो?

शेवटी एका दमात लिहिलं: "रोहन, मी ओंकार, तिसऱ्या बाकावरचा. वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा! कबड्डीत शेवटच्या चढाईत तू दोघांना बाद केलंस, ते फार आवडलं. मला शिकवशील?"

दोन निळ्या खुणा उमटल्या. ओंकारचे कान तापले.

"थँक्यू रे! उद्या लवकर ये ग्राउंडवर. आणि डबा आपण एकत्रच खाऊ."

"आई," ओंकार ओरडला, "उद्या दोन पोळ्या जास्त दे!"