घरगुती गाळणी किती टक्के गढूळपणा काढते?

नमस्कार सर, नमस्कार मॅडम. गाळणीची रचना नेहमीचीच आहे. तळ कापून उलटी टांगलेली दोन लिटरची बाटली, तोंडाला सुती कापड, त्यावर कोळशाचा चुरा, बारीक वाळू, जाड वाळू आणि सगळ्यात वर खडी. म्हणून तिच्याबद्दल फार बोलत नाही, मोजणीबद्दल बोलतो.

गढूळपणा आम्ही मीटरवर एनटीयूमध्ये मोजला. मीटर पाण्यातून उजेड सोडतो आणि कणांवर आपटून काटकोनात फाकलेला उजेड मोजतो. त्यामुळे काचेच्या कुपीवर बोटाचा ठसा राहिला किंवा आत बुडबुडा अडकला, तरी आकडा वाढतो. दर वेळी कुपी मऊ फडक्यानं पुसली. खालचे सगळे आकडे तीन-तीन वाचनांची सरासरी आहेत.

गढूळपणातली घट (%) = (आधीचा − नंतरचा) ÷ आधीचा × १००

पहिला नमुना सोमेश्वरजवळचा, पावसाळ्यातल्या गोदावरीचा, चहासारखा. आधी ८४, गाळल्यावर ६.६.
(८४ − ६.६) ÷ ८४ × १०० = ९२.१ टक्के.

पण हे सगळं श्रेय गाळणीचं नाही. तेच पाणी तेवढाच वेळ बाजूला नुसतं ठेवलं, तर गाळ खाली बसून वरचं पाणी ६१ वर आलं. म्हणजे २७.४ टक्के घट काहीही न करता! म्हणून तक्त्यात 'नुसतं ठेवलेलं पाणी' असा वेगळा रकाना केलाय.

दुसरा नमुना मखमलाबादकडच्या विहिरीचा. आधी ६, नंतर २.४, घट फक्त ६० टक्के. टक्के पाहून गाळणी इथे ढ वाटते, पण हातात आलेलं पाणी नदीच्या गाळलेल्या पाण्यापेक्षा स्वच्छ आहे. मुळात गाळ कमी असला की टक्के कमीच येणार. म्हणून नुसते टक्के लिहिणं आम्हाला पटलं नाही. आलेखात प्रत्येक नमुन्याचे आधी-नंतरचे दोन स्तंभ आहेत, टक्के त्यांच्या डोक्यावर.

तिसरा नमुना मला सगळ्यात आवडतो. नळाचं पाणी आधी ०.८, नंतर १.५. सूत्रात घातलं की उत्तर उणे ८७.५ टक्के. वाळू-कोळसा आधी धुतला होता, तरी थोडी बारीक भुकटी सुटतेच. हा आकडा आम्ही तक्त्यातच ठेवलाय.

आलेखावरच्या दोन आडव्या रेघा भारतीय मानक आयएस १०५०० च्या आहेत. १ एनटीयूपर्यंत पाणी स्वीकारार्ह, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालतं. गोदावरीचं पाणी ९२ टक्के घटूनही वरच्या रेघेच्या वरच राहिलं. विहिरीचं दोन्हींच्या मधे आलं. आणि जंतूंबद्दल गढूळपणाचा मीटर काहीच सांगत नाही, त्यामुळे गाळलेलं पाणी पिण्याजोगं झालं असा आमचा दावा नाही.

मीटर इथेच आहे. मॅडम, कुठला नमुना मोजून दाखवू?