हेक्झाग्राम 31, शिएन: मुक्ताच्या प्रश्नाचं वाचन

प्रिय मुक्ता,

जलरंगाच्या वर्गात तुझ्या शेजारी बसणाऱ्याची ओढ वाटते, त्याच्यामागे मेणवलीला जावं का, हा तुझा प्रश्न वाचला. तू पाठवलेले सहा आकडेही मिळाले: 8, 6, 7, 9, 7, 8. ई चिंग हा जुना चिनी शकुनग्रंथ तुझ्यासाठी नवा आहे, म्हणून हेक्झाग्राम, म्हणजे त्यातली सहा रेषांची आकृती, कशी उभी राहते ते आधी सांगते.

दर वेळी तू तीन नाणी टाकलीस, छाप्याला 3 आणि काट्याला 2 धरून बेरीज केलीस. 7 आणि 9 आले की अखंड रेषा, 6 आणि 8 आले की मधे तुटलेली. रेषा खालून वर मांडायच्या, म्हणजे पहिला आकडा सगळ्यात खाली. 6 आणि 9 या बदलत्या रेषा, म्हणजे तुटक असेल ती अखंड होते आणि अखंड असेल ती तुटक. तुझ्याकडे त्या दोन आहेत, दुसरी आणि चौथी. तुझं खरं उत्तर तिथे आहे, त्यामुळे बाकीच्यांवर मी फार रेंगाळणार नाही.

खालच्या तीन रेषा तुटक, तुटक, अखंड: हा पर्वत. वरच्या तीन अखंड, अखंड, तुटक: हे सरोवर. पर्वतावर सरोवर म्हणजे एकतिसावा हेक्झाग्राम, शिएन, एकाचा दुसऱ्यावर होणारा प्रभाव. चिनी परंपरेत पर्वत हा कुटुंबातला धाकटा मुलगा आणि सरोवर ही धाकटी मुलगी. पर्वताचा गुण थांबणं, सरोवराचा गुण आनंद. ग्रंथाच्या पहिल्या भागात तीस हेक्झाग्राम आहेत आणि त्याची सुरुवात आकाश आणि पृथ्वीपासून होते. दुसऱ्या भागाची सुरुवात या तरुण जोडीपासून होते. नव्या ओढीबद्दल विचारलंस आणि नेमकं हेच पान उघडलं, याचा मला मनापासून आनंद झाला.

मूळ वचन छोटं आहे: यश, निष्ठेने टिकून राहणं हिताचं, कन्या वरणं शुभ. यातलं शेवटचं वाचून लग्नाची तारीख शोधू नकोस. जुनं भाष्य इथे मुलगा मुलीच्या खाली आहे याकडे लक्ष वेधतं. जो बलवान आहे तो खाली उतरतो, मागणी घालायला तिच्या दारी जातो. ओढ असतानाही थांबता येणं आणि थांबूनही आनंद न मावळणं, या दोन्ही गोष्टी एकत्र असल्या तर प्रभाव शुभ. तुमच्यात कोण मुलगा, कोण मुलगी हा मुद्दाच नाही. दोघांपैकी ज्याला आपलं म्हणणं रेटता आलं असतं त्याने ते रेटलं नाही, एवढं पाहा.

आता प्रतिमा. तू रायगडावरचा गंगासागर पाहिला असशील. एवढ्या उंचीवर पाणी टिकतं, कारण तिथे खडकात खोलगट जागा आहे. टोकदार सुळक्यावर एक थेंबही ठरत नाही. प्रतिमेचं वचन सांगतं की सज्जन माणूस आतून रिकामा राहून लोकांना स्वीकारतो. तू लिहिलं आहेस की जलरंगाच्या वर्गात तो शेजारी बसतो, तुझ्या ओल्या कागदाकडे बघून हळूच म्हणतो, 'आता हात लावू नका, सुकू द्या.' पुढच्या दोन पानांत मात्र त्या एका वाक्याचा अर्थ लावताना त्याचा स्वभाव, त्याचं घर, त्याचं आधीचं प्रेम, सगळं तू रंगवून टाकलं आहेस. सुळका असा तयार होतो. तो कोण आहे हे त्याला स्वतःला सांगायला जागा ठेव.

शिएनमधला प्रभाव शरीरातून वर चढत जातो. पहिली रेषा पायाच्या अंगठ्याची: हालचाल सुरू झाली, बाहेर कुणाला दिसतही नाही. ती शुभही नाही आणि अशुभही नाही.

दुसरी पोटरीची, आणि ही तुझी बदलती रेषा. प्रभाव पोटरीत, अशुभ. जागेवर राहणं शुभ. पोटरीला स्वतःची दिशा नसते, पाऊल जिकडे जाईल तिकडे ती ओढली जाते. तू विचारलंस, पुढच्या महिन्यात तो मेणवलीच्या घाटावर चित्रं काढायला जाणार आहे, मीही नाव घालू का? तुझंच वाक्य परत वाच: 'मला लँडस्केप जमत नाही, आवडतही नाही, पण तो असेल.' ही अगदी पोटरीची भाषा झाली. या खेपेला जाऊ नकोस. वर्ग सोडू नकोस, त्याला टाळू नकोस, नेहमीच्या जागी नेहमीसारखी बस. या रेषेत राग नाही, शिक्षा नाही. जागेवर राहिलीस तर शुभ आहे, असं ती स्पष्ट सांगते.

तिसरी मांडीची: दुसऱ्याच्या मागे धावण्याची लाज. चौथीकडे चल.

चौथी रेषा कोणत्याच अवयवाचं नाव घेत नाही. मांडी झाली, पुढे पाठ येईल, मधे उरतं ते हृदय, असं भाष्यकार मानतात. वचन असं: निष्ठा शुभ, पश्चात्ताप नाहीसा होतो. मन अस्वस्थ होऊन ये-जा करत राहिलं, तर तुझ्या विचारामागे फक्त मित्र येतील. म्हणजे ज्यांच्याकडे तू मुद्दाम जोर लावशील, तेवढेच हलतील. बाराव्या शतकातल्या झू शी या पंडिताची रीत अशी की दोन रेषा बदलत असतील तर दोन्ही वाचाव्या आणि वरचीला जास्त वजन द्यावं. म्हणून तुझ्या वाचनाचा गाभा इथे आहे. एक मेसेज चारदा लिहून पुसणं, तो ऑनलाइन कधी होता ते बघणं, मैत्रिणीला स्क्रीनशॉट पाठवून 'याचा अर्थ काय?' विचारणं, ही सगळी ती ये-जा.

याच ओळीवर ई चिंगच्या महाभाष्यात एक सुंदर उतारा आहे. सूर्य जातो, चंद्र येतो, दोघांच्या ये-जा करण्यातून प्रकाश होतो. थंडी जाते, उन्हाळा येतो, वर्ष पुरं होतं. अळी अंग आखडते ती पुढे सरकण्यासाठी. ये-जा जगात आहेच, ती मनाने हाकावी लागत नाही, असं तो उतारा म्हणतो. एक साधा मेसेज लिही, खरा असेल तो, आणि पाठवून फोन बाजूला ठेव.

पाचवी रेषा पाठीच्या मांसाची, पश्चात्ताप नाही: पाठीला दिखावा करता येत नाही. सहावी जबडा, गाल, जीभ, नुसतं बोलणं. दोन्ही तुझ्यासाठी स्थिर आहेत.

एक गोष्ट बघून ठेव. पहिली आणि चौथी, दुसरी आणि पाचवी, तिसरी आणि सहावी, प्रत्येक जोडीत एक रेषा तुटक आणि एक अखंड आहे. या आकृतीत साद-प्रतिसाद पुरा आहे. एकतर्फी स्वप्न असं हे पान म्हणत नाही.

दोन्ही रेषा बदलल्या की अठ्ठेचाळिसावा हेक्झाग्राम येतो, जिंग, विहीर. गाव हलवता येतं, विहीर हलवता येत नाही. ती घटत नाही, वाढत नाही, लोक येतात आणि पाणी भरून नेतात. दोर पाण्यापर्यंत पोचला नाही किंवा पोहरा फुटला तर अशुभ. शिएनची खळबळ ज्या बाजूला जाऊ शकते ती ही बाजू: रोज पाणी देईल असं नातं. प्रेमाचंच असेल असं ग्रंथ सांगत नाही, चांगल्या मैत्रीचंही असू शकेल. दोर तुझ्या हातात आहे. त्याच्या कामाबद्दल विचार, तुझ्या आईच्या आजारपणाबद्दल सांग, ज्याबद्दल तू मला दोन पानं लिहिलीस आणि त्याला एक शब्द बोलली नाहीस.

महिनाभर असं वागून बघ. मधे नाणी परत टाकू नकोस. चौथा हेक्झाग्राम, मंग, म्हणतो की पहिल्यांदा विचारलं तर उत्तर मिळेल, दुसऱ्या-तिसऱ्यांदा तेच विचारणं म्हणजे त्रास देणं, आणि त्रास देणाऱ्याला उत्तर नाही. महिन्यानंतर परिस्थिती बदललेली असेल, तेव्हा नवा प्रश्न लिहून पाठव.

तुझी,
सुधामावशी